वर्गमूळ दोनदा निघालं, तरी दोन्ही शीट बरोबर: आय-ओ चेक झाल्यावरही लूप चेक का करावा लागतो

प्रश्न: सर, लोटे एमआयडीसीत नव्या प्लांटचं कमिशनिंग चालू आहे, साधारण ३०० लूप आहेत. मार्शलिंग पॅनलवर मिलीअँप देऊन सगळे पॉइंट डीसीएसवर बघितले, शीटवर सह्या झाल्या. ट्रान्समीटर वर्कशॉपमध्ये कॅलिब्रेट करूनच बसवले आहेत. आता क्लायंट म्हणतो, प्रत्येक लूप फील्डवरून परत चेक करा. पाऊस सुरू झालाय, तारीख जवळ आली आहे. एकच काम दोनदा का? आणि करायचंच असेल तर नेमकं कसं करायचं?

उत्तर:

तुमचा क्लायंट बरोबर आहे. माझी अर्धी नोकरी रोहा, महाड आणि लोटे या पट्ट्यातच झाली. कमिशनिंगमध्ये ज्या चुकांनी मला रात्रभर जागवलं, त्यातल्या बहुतेक अशा होत्या की आय-ओ चेकची शीटही बरोबर होती आणि कॅलिब्रेशनची शीटही बरोबर होती. चूक असायची ती दोघांच्या सांध्यात.

लूप म्हणजे फील्डमधल्या ट्रान्समीटरपासून केबल, बॅरियर, कार्ड ते कंट्रोल रूममधल्या डीसीएसच्या स्क्रीनपर्यंतची पूर्ण साखळी. तिच्यात आधी हद्द कुठे पडते ते बघा. मार्शलिंगच्या टर्मिनलवर कॅलिब्रेटर लावून तुम्ही ८ मिलीअँप दिले आणि स्क्रीनवर आकडा आला, म्हणजे त्या टर्मिनलपासून बॅरियर, कार्ड, चॅनेलचा पत्ता, टॅग आणि स्क्रीनवरची रेंज एवढं सिद्ध झालं. (इथे एक गोष्ट आताच तपासा. टर्मिनल फील्डच्या बाजूचं होतं की सिस्टिमच्या बाजूचं? सिस्टिमच्या बाजूला दिलं असेल तर बॅरियरसुद्धा तपासला गेलेला नाही.) दुसरीकडे वर्कशॉपमध्ये ट्रान्समीटरला दाब दिला आणि त्यातून निघालेले मिलीअँप मोजले, तेव्हा फक्त ट्रान्समीटर सिद्ध झाला. मधली केबल, जंक्शन बॉक्स, फेरूल, इम्पल्स लाईन यांच्यावर अजून कोणाची सही नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रान्समीटरने पाठवलेल्या मिलीअँपचा डीसीएस जो अर्थ लावतो, तोच अर्थ ट्रान्समीटरच्या मनात आहे की नाही, हे कोणीच विचारलेलं नाही.

माझ्या एका प्लांटची गोष्ट सविस्तर सांगतो. सॉल्व्हंटच्या फीड लाईनवर ओरिफिस प्लेट आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे डीपी, मोजणारा ट्रान्समीटर, टॅग FT-204. डीपीची रेंज ० ते २५०० मिमी वॉटर कॉलम, त्यावरून प्रवाह ० ते ५० घनमीटर प्रति तास. ओरिफिसमधला प्रवाह डीपीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वर्गमूळ कुठेतरी एकदा काढावं लागतं. ते ट्रान्समीटरमध्ये काढा किंवा डीसीएसमध्ये काढा, दोन्ही चालतं. आमच्याकडे ट्रान्समीटर कंपनीकडूनच वर्गमूळ चालू करून आला होता, कारण डेटाशीटमध्ये तसं लिहिलं होतं. डीसीएसचं काँफिगरेशन करणाऱ्याने स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे डीपी फ्लोच्या प्रत्येक टॅगला वर्गमूळ लावलं होतं.

वर्कशॉपमध्ये ट्रान्समीटरला पाव डीपी दिला तर १२ मिलीअँप आले. वर्गमूळ चालू असलेल्या ट्रान्समीटरकडून तेच अपेक्षित होतं, शीट बरोबर. मार्शलिंगवर आम्ही ८ मिलीअँप दिले तर स्क्रीनवर २५ घनमीटर आलं. वर्गमूळ लावलेल्या डीसीएस टॅगकडून तेच अपेक्षित होतं, ही शीटही बरोबर. वर आम्ही लूप चेक म्हणून हँडहेल्ड लावून ट्रान्समीटरकडून ४, १२ आणि २० मिलीअँप काढून घेतले होते. अपेक्षित आकडे डीसीएसच्या काँफिगरेशनवरूनच छापलेले होते, त्यामुळे तेही जुळले. फिक्स करंट काढून घेणं म्हणजे ट्रान्समीटरचा उपयोग कॅलिब्रेटर म्हणून करणं. केबल तपासली जाते, पण ट्रान्समीटरचं मोजमाप त्यात येतच नाही.

चूक वॉटर ट्रायलला कळली. बारा मिनिटं पाणी घेतलं. टोटलायझर ७.१ घनमीटर दाखवत होता आणि टाकीत पातळीवरून पाच घनमीटरच आलं होतं. पहिला संशय ओरिफिसवर, दुसरा टाकीच्या लेव्हलवर, तिसरा पंपावर. दीड दिवस गेला. शेवटी ट्रान्समीटरच्या मॅनिफोल्डवर हँडपंप लावून ६२५ मिमी दाब दिला तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला.

हा ६२५ मिमीचा आकडा लक्षात ठेवा, तो रेंजचा पाव भाग आहे. वर्गमूळ एकदाच निघत असेल तर स्क्रीनवर २५ घनमीटर यायला हवं. कुठेच निघत नसेल तर १२.५ येतं. दोनदा निघत असेल तर ३५.४ येतं. एकच बिंदू, पण तीन शक्यतांचे तीन वेगवेगळे आकडे. याउलट शून्यावर आणि पूर्ण रेंजवर तिन्ही शक्यतांत एकच उत्तर येतं, ० आणि ५०. म्हणून नुसते दोन टोकांचे बिंदू तपासले तर ही चूक कधीच सापडत नाही. आणि प्रवाह जितका कमी, तितकी ती वाईट होत जाते. खरा प्रवाह ५ घनमीटर असेल तेव्हा डीपी २५ मिमी असतो, रेंजचा एक टक्का. दोनदा वर्गमूळ निघालं की स्क्रीनवर १५.८ दिसतं. रिअॅक्टरमध्ये हळूहळू फीड द्यायचं असेल तर ऑपरेटर तिप्पट जातंय समजून पुढचा हिशोब करणार.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. डीपी फ्लोचा लूप असा करा. मॅनिफोल्डचे हाय आणि लो दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, इक्वलायझिंग उघडा, व्हेंट उघडून आतला दाब काढून टाका. मग इक्वलायझिंग बंद करा, लो बाजू हवेला उघडी ठेवा आणि हाय बाजूला कमी दाबाचा हँडपंप लावा. २५०० मिमी म्हणजे जेमतेम पाव बार, त्यामुळे मोठा हायड्रॉलिक पंप इथे उपयोगाचा नाही, त्याने नेमका दाब धरताच येत नाही. शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असे पाच बिंदू चढत्या आणि उतरत्या क्रमाने घ्या. अपेक्षित प्रवाहाचे आकडे आदल्या दिवशी ओरिफिसच्या डेटाशीटवरून हाताने काढा, डीसीएसमधून छापून घेऊ नका. डीसीएसमधून छापले तर तुम्ही डीसीएसची उत्तरं डीसीएसशीच ताडून बघता.

वॉकी-टॉकीवर बोलण्याचीही एक शिस्त आहे. फील्डवाल्याने “पाव दिलाय, पंचवीस आलं का?” असं विचारलं की कंट्रोल रूममधून “आलं” हेच उत्तर येतं, विशेषतः संध्याकाळी सहानंतर. फील्डवाल्याने फक्त टॅग आणि “दाब दिला” एवढं सांगावं, आकडा कंट्रोल रूमने आधी बोलावा, आणि तो शीटवर लिहून झाल्यावरच अपेक्षित आकड्याशी जुळवावा. मी माझ्या टीममध्ये याबाबत कोणाचं ऐकत नाही.

त्याच वेळी कंट्रोल रूममधल्या माणसाने आजूबाजूचे टॅगही बघायचे. शेजारी शेजारी दोन सारखे प्रेशर ट्रान्समीटर असतील आणि जंक्शन बॉक्समध्ये फेरूल अदलाबदल होऊन लागले असतील, तर दोघांना वेगवेगळं तपासताना “सिग्नल येतोय” असंच वाटत राहतं, कारण लोक ज्या टॅगची अपेक्षा आहे त्याच्या ऐवजी हलणारा टॅग शोधतात. एकालाच दाब द्या. त्याचा टॅग हलला पाहिजे आणि दुसरा कोणताही टॅग हलता कामा नये. प्लांट थंड असतो, सगळे दाब शून्य असतात, तेव्हाच ही अदलाबदल अगदी लपून बसते. म्हणून फील्डमधल्या माणसाने नेमप्लेट आणि टॅगप्लेट दोन्ही वाचून दाखवायच्या. टॅगप्लेट कधीकधी शेजारच्याच ट्रान्समीटरला बांधलेली निघते.

तिथेच उभे असताना एक वायर सोडून बघा. स्क्रीनवर टॅगचा रंग बदलून तो बॅड दिसला पाहिजे. नामूरच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.८ ते २०.५ मिलीअँप हे मोजमाप धरलं जातं, आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की बिघाड. डीसीएसमध्ये ही मर्यादा घातली नाही तर तुटलेली वायर नुसतं शून्य दाखवते, आणि शून्य दाब म्हणजे सगळं शांत आहे असा ऑपरेटरचा समज होतो. लूप चेकसाठी आयईसी ६२३८२ हे मानक आहे. क्लायंटने ते करारात घातलं असेल तर शीटचा नमुना त्याला धरूनच करा, नंतर वाद राहत नाही.

आता कंट्रोल व्हॉल्व्ह, कारण वर्गमूळासारखाच सांधा तिथेही आहे. समजा जॅकेटच्या कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह आहे, हवा गेली की उघडणारा. त्याला ४ मिलीअँपवर पूर्ण उघडं आणि २० मिलीअँपवर पूर्ण बंद राहायचं आहे, म्हणजे सिग्नल गेला तरी तो उघडाच राहील. ऑपरेटरला मात्र स्क्रीनवर १०० टक्के म्हणजे उघडा असंच दिसायला हवं, म्हणून डीसीएसचं आउटपुट उलटं करून पाठवायचं असतं. एखाद्याने डीसीएसमध्ये उलटं करायचं राहून गेल्यावर सोपा मार्ग म्हणून फील्डमध्ये पोझिशनरच उलटा केला, तर काय होतं? ०, २५, ५०, ७५, १०० असे पाचही स्ट्रोक नेमके बरोबर येतात. शीटवर सही होते. फक्त आता ४ मिलीअँपला व्हॉल्व्ह बंद असतो, आणि सिग्नल तळाला गेला की रिअॅक्टरचं कूलिंग थांबतं.

म्हणून स्ट्रोक झाल्यावर दोन वेगळ्या गोष्टी करा आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्हजवळ उभं राहून स्टेम डोळ्यांनी बघा. आधी हवा बंद करून फिल्टर रेग्युलेटरमधून दाब काढून टाका. हवा गेल्यावर स्प्रिंगच काम करतो, त्यामुळे इथे अॅक्च्युएटर बरोबर आहे की नाही ते कळतं. मग हवा परत देऊन सिग्नलची वायर सोडा. इथे पोझिशनर काय करतो ते कळतं. पण लूपच्याच करंटवर चालणारे बरेचसे डिजिटल पोझिशनर करंट पूर्ण गेल्यावर हवा सोडून देतात, म्हणजे उलटा लावलेला पोझिशनरसुद्धा या परीक्षेत पास होऊ शकतो. तेव्हा तिसरी गोष्टही करावीच लागते: पोझिशनरच्या टर्मिनलवर मीटर सिरीजमध्ये लावून, स्क्रीनवर १०० टक्के असताना खरोखर ४ मिलीअँप येतात की २० ते मोजा, आणि तो आकडा शीटवर टक्क्यांच्या शेजारी लिहा. नुसते टक्के लिहिलेली शीट मी परत पाठवतो. व्हॉल्व्हच्या ओपन आणि क्लोज लिमिट स्विचचंही याच फेरीत उरका, मधल्या स्थितीत दोन्हींपैकी एकही लागलेला दिसता कामा नये.

आता पावसाचं. तुम्ही त्याचा उल्लेख फक्त अडचण म्हणून केला आहे, पण आपल्या कोकणात पाऊस स्वतःच लूपमध्ये शिरतो. जंक्शन बॉक्सचे ग्लँड नीट आवळलेले नसतात, न वापरलेल्या एंट्रीला प्लगऐवजी टेप लावलेली असते, किंवा केबल ओढून ठेवल्यावर तिची टोकं आठ-पंधरा दिवस उघडी पडून पाणी तारांच्या आतून वर चढलेलं असतं. समुद्राजवळच्या प्लांटमध्ये त्या पाण्यात मीठही असतं, मग टर्मिनलवर हिरवट थर दिसू लागतो.

याचं लक्षण फार फसवं आहे. बॉक्समध्ये प्लस आणि मायनसच्या मधे ओल असेल तर ट्रान्समीटरच्या करंटमध्ये गळतीचा करंट मिळतो, त्यामुळे वाचन नेहमी वरच्या बाजूला सरकतं. मला एका लेव्हल लूपमध्ये हे दिसलं होतं. हँडहेल्ड सांगत होता की ट्रान्समीटर ४.०० मिलीअँप देतोय, आणि कार्डवर ४.४८ येत होते. स्क्रीनवर रिकाम्या टाकीत तीन टक्के. चोवीस व्होल्टच्या लूपला ०.४८ मिलीअँप गळती म्हणजे मधे साधारण ५० किलोओहमचा रस्ता तयार झाला आहे. केबलचं इन्सुलेशन मेगाओहममध्ये असायला हवं, त्यापुढे हे काहीच नाही. सकाळी तीन टक्के, दुपारी उघडीप झाली की शून्य, रात्री परत तीन. वेळेनुसार बदलणारी चूक दिसली की ट्रान्समीटरला हात लावण्याआधी जंक्शन बॉक्स उघडा.

त्या लूपमध्ये मात्र आम्ही बॉक्स उघडण्याआधीच कोणीतरी सकाळच्या वेळी ट्रिम करून ठेवलं. कार्डवर ४.०० दिसावेत म्हणून ट्रान्समीटरचं आउटपुट ०.४८ ने खाली आणलं होतं. सकाळची शीट सुंदर आली. दुपारी बॉक्स वाळला, गळती संपली आणि कार्डवर ३.५२ मिलीअँप पोचले. डीसीएसने ते बिघाड म्हणून धरलं आणि टॅग बॅड झाला. ट्रान्समीटर बदलायची मागणीसुद्धा लिहून झाली होती. आम्ही ट्रिम मूळ जागी आणली, बॉक्स वाळवून टर्मिनल बदलले आणि खालून येणाऱ्या केबलचे ग्लँड नव्याने केले, तेव्हा विषय संपला. लूप चेकमध्ये ट्रान्समीटरचं आउटपुट आणि कार्डवरचा करंट जुळत नसेल तर ट्रिम करायची नाही, एवढा एक नियम तुमच्या टीमला घालून द्या. फरक केबलमध्ये आहे, तो केबलमध्येच शोधायचा.

केबलचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावताना काळजी घ्या. दोन्ही टोकं, ट्रान्समीटरकडची आणि मार्शलिंगची, सुटी केल्याशिवाय पाचशे व्होल्ट द्यायचे नाहीत. घाईत एकच टोक सोडून मेगर फिरवला आणि कार्डचे चॅनेल गेले, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तपासणी झाल्यावर केबलमध्ये साठलेला चार्ज जमिनीला टेकवून सोडा, मगच टोकं परत जोडा. आणि परत जोडलेला प्रत्येक लूप पुन्हा एकदा एका बिंदूवर तरी तपासा, कारण सोडलेली वायर जोडताना अदलाबदल होते.

वेळेचा हिशोबही सांगतो. फील्डमध्ये दोघे, कंट्रोल रूममध्ये एक, परमिट वेळेवर मिळालं आणि पाऊस थांबत थांबत पडत असेल, तर माझ्या अनुभवात अशी एक टीम दिवसाला दहा-बारा लूप नीट करते. तीनशे लूपला एका टीमला महिनाभर लागेल. तेवढा वेळ नसेल तर तीन टीम लावा, पण बिंदू कमी करू नका. कंट्रोल रूममध्ये मात्र प्रत्येक टीमला वेगळा माणूस आणि वॉकी-टॉकीचं वेगळं चॅनेल द्या. एकाच माणसाने तीन टीमची उत्तरं दिली की आकडे एकमेकांच्या शीटवर जातात. क्रमाचं म्हणाल तर डीपी फ्लो, हवा गेल्यावर उघडणारे व्हॉल्व्ह आणि उघड्यावरच्या बॉक्समधले लूप पहिल्या आठवड्यात घ्या, कारण चुका तिथे सापडतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो. साधे टेम्परेचर शेवटी ठेवले तरी चालतील. इंटरलॉक आणि ट्रिप यात मिसळू नका, त्यांची फंक्शन टेस्ट लूप चेक पूर्ण झाल्यावर वेगळी करायची असते.

आणि प्रत्येक डीपी लूपच्या शीटवर सही करण्याआधी शेवटची ओळ हाताने लिहून घ्या: पंप काढला, व्हेंट बंद, हाय आणि लो उघडे, इक्वलायझिंग बंद. स्टार्टअपच्या दिवशी पंप चालू असताना प्रवाह शून्याजवळ दिसला, तर इतर काही उघडण्याआधी मी आजही पहिल्यांदा त्या इक्वलायझिंग व्हॉल्व्हकडे माणूस पाठवतो.